वॉशिंग मशीन व डिशवॉशरचे त्रुटी-संकेत : तंत्रज्ञ केव्हा बोलवावा?

वॉशिंग मशीन मध्येच थांबून पडद्यावर दोन अक्षरे झळकू लागली, की यंत्र बिघडले असा समज होतो. प्रत्यक्षात हा संकेत कोणता भाग निकामी झाला हे सांगत नाही. कोणते काम पूर्ण होऊ शकले नाही, एवढेच तो सांगतो. त्यामुळे अडथळा यंत्राबाहेर आहे की आत, हे आधी पाहावे लागते.

एलजी कंपनीच्या यंत्रांत पाणी आत येत नसेल तर IE, बाहेर जात नसेल तर OE, कपडे एका बाजूला गोळा झाले असतील तर UE आणि दार नीट बंद नसेल तर dE असे संकेत दिसतात. या चारही प्रसंगी कारण बहुधा बंद नळ, दुमडलेली नळी किंवा अडकलेला कपडा हेच असते.

OE चे उदाहरण घ्या. समोरून दार असलेल्या यंत्राचा प्लग आधी काढावा. पाणी गरम असल्यास ते निवू द्यावे. खालच्या कोपऱ्यातील झाकण उघडून बारीक नळीने साचलेले पाणी परातीत काढावे आणि त्यानंतरच गाळणीची फिरकी डावीकडे फिरवावी. गाळणीत नाणी, बटणे वा धाग्यांचे गुंतवळे सापडतात. ते काढून गाळणी घट्ट बसवावी, निचऱ्याची नळी सरळ करावी व केवळ पिळण्याचा टप्पा चालवून पाहावा. तरीही पाणी हलत नसेल, पंप नुसता गुणगुणत असेल किंवा त्याचा आवाजच येत नसेल, तर दोष पंपात वा त्याच्या जोडणीत असण्याची शक्यता आहे. तेथे तंत्रज्ञच हवा.

FE हा संकेत मात्र गंभीर मानावा. पाणी मर्यादेबाहेर भरत असल्याचे तो दर्शवितो. नळ तत्काळ बंद करून तंत्रज्ञास बोलवावे. LE मोटारीशी संबंधित आहे. मोटार थंड होण्यासाठी अर्धा तास थांबावे. संकेत पुन्हा आला तर दुरुस्ती अटळ समजावी.

बॉश कंपनीच्या डिशवॉशरमध्येही हाच भेद दिसतो. E24 निचऱ्यातील अडथळा सुचवितो, म्हणून तळाची जाळी व नळी घरीच तपासता येते. E15 मात्र यंत्राच्या तळाशी पाणी साचल्याचे सांगतो. यंत्र कलते करून ते पाणी काढल्यास संकेत जातो, पण गळती तशीच राहते. नेहमीचे भांड्यांचे द्रव साबण वापरल्याने फेस उतू गेला असेल, तर कारण तेवढेच असू शकते. तसे नसल्यास नळ व वीज बंद करून तंत्रज्ञाची वाट पाहावी.

एकाच अक्षराचा अर्थ प्रत्येक कंपनीत निराळा असू शकतो. म्हणून प्रथम यंत्राची माहितीपुस्तिका पाहावी आणि तंत्रज्ञास दूरध्वनी करताना संकेत व यंत्र कोणत्या टप्प्यावर थांबले, हे दोन्ही सांगावे.