नाव, पत्ता व करनोंदणी बदलाची ग्राहकसूचना

कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता किंवा वस्तू व सेवा कराचा (जीएसटी) नोंदणी क्रमांक बदलल्यावर ग्राहकांना पाठवायचे लेखी पत्र. अशा पत्राचा नमुना कायद्याने ठरवून दिलेला नाही. मात्र बिलावर आणि पत्रशीर्षावर काय छापायचे हे ठरलेले असल्याने पत्रातला मजकूर त्याला धरूनच असावा लागतो.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि कंपनी ओळख क्रमांक पत्रशीर्षावर व बिलांवर छापणे बंधनकारक आहे. नाव बदलल्यास पुढील दोन वर्षे नव्या नावासोबत जुने नावही द्यावे लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला संकेतस्थळावरही जुने व नवे नाव वर्षभर ठेवावे लागते. वाळूजजवळ नायगाव येथे नोंदणीकृत कार्यालय असलेली ‘गरवारे पॉलिएस्टर’ २०२१ मध्ये ‘गरवारे हाय-टेक फिल्म्स’ झाली. तिची दोन वर्षे २०२३ मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षी तिच्या पत्त्यातल्या शहराचेही नाव बदलले.

शहराचे नामांतर. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर करण्यास केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. नामांतराला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या. या बदलात कारखाना जागचा हलला नाही, वाळूजचा पिन तोच राहिला आणि राज्य तेच असल्याने करनोंदणी क्रमांकही बदलला नाही. तरी परराज्यातल्या खरेदी विभागाला दोन बिलांवर दोन शहरे दिसली, की माल दुसऱ्या ठिकाणाहून आला असे वाटते. त्यामुळे पत्त्याचा बदल कळवताना ‘जागा तीच, शहराचे नाव नवे’ हे वाक्य स्वतंत्र लिहावे. नव्या नावापुढे काही काळ जुने नावही देणे सोयीचे असते. कायद्यातली दोन वर्षांची सक्ती मात्र कंपनीच्या नावापुरती आहे, शहराच्या नावाला ती लागू नाही.

करनोंदणी क्रमांक कधी बदलतो. ग्राहकाच्या दृष्टीने पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. पंधरा अक्षरी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. म्हणून नुसते नाव बदलले किंवा राज्यातल्या राज्यात पत्ता बदलला, तर क्रमांक कायम राहतो. बदलापासून पंधरा दिवसांत आरईजी-१४ हा दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. कारखाना परराज्यात गेला किंवा पॅन बदलला, तर नवी नोंदणीच घ्यावी लागते.

वाळूजमधला एखादा एकट्या मालकाचा कारखाना प्रायव्हेट लिमिटेड झाला असे समजू. मालकाचा पॅन वेगळा आणि कंपनीचा वेगळा असल्याने करक्रमांक बदलतो. शिल्लक कर-जमा आयटीसी-०२ अर्जाने नव्या क्रमांकावर नेता येते. आता १ तारखेपासून नव्या क्रमांकाने बिले निघणार आहेत, पण ग्राहकाच्या खरेदी-आदेशावर आणि पुरवठादार-नोंदीत जुनाच क्रमांक आहे. मग माल दारात येऊनही आवक नोंदवली जात नाही आणि पैसे अडकतात. म्हणून पत्रात बदलाची तारीख, त्या तारखेआधीची कोणती बिले जुन्या क्रमांकावर राहतील आणि अपुरे आदेश नव्या नावाने काढून देण्याची विनंती, या तीन गोष्टी हव्यातच. बदल अमलात येण्यापूर्वी महिनाभर पत्र गेले, तर मोठ्या ग्राहकाला नवी पुरवठादार-नोंद उघडायला वेळ मिळतो. परत येणाऱ्या मालाची क्रेडिट नोट ज्या नोंदणीवरून विक्री झाली तिच्यावरूनच निघते. त्यामुळे जुनी नोंदणी रद्द करण्याची घाई करण्यापूर्वी असे परतावे मिटवणे हिताचे. ग्राहकाला कर-जमा मिळाली की नाही, हे त्याच्या जीएसटीआर-२बी विवरणात नव्या क्रमांकाखाली बिल दिसते का यावरून कळते.

जोडपत्रे. नाव बदलल्याचे निबंधकाचे नवे प्रमाणपत्र, सुधारित करनोंदणी प्रमाणपत्र, नवा पॅन असल्यास त्याची प्रत.

बँक खाते. खाते बदलले नसेल तर तसे पत्रात स्पष्ट लिहावे, कारण नावबदलाच्या खोट्या पत्रातून नवा खाते क्रमांक पुढे करून पैसे लुबाडले जातात. ग्राहकाने अशा पत्रावरचा फोन क्रमांक वापरू नये, जुन्या ओळखीच्या क्रमांकावरच चौकशी करावी. करक्रमांक खरा आहे का, हे जीएसटी पोर्टलवर शोधून पाहता येते. तिथे दिसणारे कायदेशीर नाव पत्रातल्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. दुरुस्तीचा अर्ज अजून मंजूर झाला नसेल तर तिथे जुनेच नाव दिसते, म्हणून क्रमांक तोच राहून नुसते नाव बदलले असेल, तर मंजुरी मिळाल्यावरच पत्र पाठवणे इष्ट.