डॉप्लर परिणाम (ध्वनी)
ध्वनीचा उगम व श्रोता यांच्यातील सापेक्ष गतीमुळे ऐकू येणाऱ्या वारंवारतेत होणारा बदल. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉप्लर यांनी तो 1842 मध्ये मांडला.

समजा, रुग्णवाहिका ताशी 72 किमी, म्हणजे सेकंदाला 20 मी. वेगाने येत आहे. भोंग्याची वारंवारता 720 हर्ट्झ, ध्वनीचा वेग 340 मी./से. प्रत्येक तरंग सोडेपर्यंत गाडी पुढे सरकते, म्हणून समोरचे तरंग दाटतात आणि श्रोत्याला 720 × 340/320 = 765 हर्ट्झ ऐकू येतात. गाडी दूर जाताना 720 × 340/360 = 680.

गाडी जवळ येताना तारता चढत जाते, हा समज चुकीचा आहे. वाढते ती तीव्रता. तारता आधीपासूनच चढलेली असते. श्रोता रस्त्याच्या कडेला असल्याने वेगाचा त्याच्या दिशेचा घटक घटत जातो, म्हणून ती क्रमाने उतरते.