शिफारस प्रणाली
वापरकर्त्याला पुढे काय आवडेल, याचा अंदाज बांधणारी संगणकीय व्यवस्था. मिनेसोटा विद्यापीठातील ग्रुपलेन्स गटाची ‘मूव्हीलेन्स’ (१९९७) हे तिचे उत्तम उदाहरण. सहयोगी गाळणीत तुमच्यासारखेच गुण देणारे प्रेक्षक शोधतात. त्यांनी एखाद्या चित्रपटाला दिलेल्या गुणांची सरासरी काढताना जवळच्या आवडीला जास्त वजन मिळते. आशयाधारित गाळणी चित्रपटाचा प्रकार, दिग्दर्शक, कलाकार पाहते. त्यामुळे कोणीही गुण न दिलेला नवा चित्रपट ती सुचवू शकते, सहयोगी पद्धत नाही. मात्र आशयाधारित गाळणी ठरावीक चाकोरीत अडकते. नवख्या प्रेक्षकापुढे दोन्ही अडतात. हीच ‘शीत प्रारंभ’ समस्या. म्हणून मूव्हीलेन्स नोंदणीवेळीच काही चित्रपटांना गुण मागे. त्यांची निवड खरी अवघड: सर्वांना आवडणारा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण त्यावरून वेगळी आवड कळत नाही, अनवट चित्रपट आवड उघड करतो, पण तो पाहिलेले थोडेच.