प्रशासकीय कायद्याचे स्रोत (भारत)

सरकारी यंत्रणेला कोणते अधिकार आहेत, ते तिने कसे वापरावेत आणि चुकीचे वापरले तर नागरिकाने दाद कुठे मागावी, हे सांगणारा कायदा म्हणजे प्रशासकीय कायदा. भारतात तो एका पुस्तकात सापडत नाही. भारतीय दंड संहितेसारखी त्याची संहिता कधी झाली नाही. राज्यघटना, अधिनियम, नियम, न्यायनिर्णय आणि प्रशासकीय प्रथा अशा पाच ठिकाणांहून तो जमा करावा लागतो. पाठ्यपुस्तके हे स्रोत उतरत्या क्रमाने मांडतात. तो क्रम बरोबर आहे, पण अपुरा आहे. खालचा स्रोत वरच्याकडून बळ घेतो आणि वरच्याच्या मर्यादेत राहतो हे त्यातून कळते. मात्र प्रत्यक्ष वादात पाचही स्रोत एकत्र वाचावे लागतात, आणि ते वाचन न्यायालय करते. म्हणून या नोंदीत न्यायनिर्णयांना अधिक जागा दिली आहे.

ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका (१९८५) या खटल्यात हे वाचन स्पष्ट दिसते. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याचे ठरले. महापालिकेचा आधार होता मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. त्याच्या कलम ३१४ नुसार रस्त्यावरील बेकायदा बांधकाम आयुक्तांना पूर्वसूचनेशिवाय हटवता येते. केवळ अधिनियम पाहिला तर प्रश्न इथेच संपतो. पण अधिनियमाच्या वर घटना आहे, आणि अनुच्छेद २१ नुसार कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित हिरावता येत नाही. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने म्हटले, की जीवितात उपजीविका येते आणि ती काढून घेण्याची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे. मग कलम ३१४ चे काय? न्यायालयाने ते रद्द केले नाही. ते कलम सूचना न देण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. म्हणून सूचना देणे हा नियम आणि न देणे हा तातडीच्या प्रसंगापुरता अपवाद, असा अर्थ लावला. अधिनियमाचा शब्दही न बदलता आयुक्तांवर नवे बंधन आले.

यावर आक्षेप असा, की कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे. न्यायाधीश अर्थ लावण्याच्या नावाखाली ते स्वतःकडे घेतात. आक्षेपात तथ्य आहे. ‘पूर्वसूचनेशिवाय’ हे शब्द विधिमंडळाने जाणूनबुजून घातले होते. पण घटना हाही कायदाच आहे, आणि अधिनियम तिच्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद १३ नुसार तो तेवढ्यापुरता शून्य ठरतो. सुसंगत अर्थ लावून न्यायालयाने कलम वाचवले, असेही म्हणता येते. शिवाय न्यायालयाने हात राखूनच निकाल दिला: पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही, आणि कारवाईही ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंतच थांबवली. अनुच्छेद १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. पुढच्या वादांत म्हणूनच कलमाइतकाच हा निकालही पाहावा लागतो.

नियम व उपविधी अधिनियमाने दिलेल्या अधिकारातून प्रशासनच करते. अधिनियमाच्या बाहेर गेलेला नियम टिकत नाही. तो लोकांना कळेल अशा रीतीने प्रसिद्धही व्हावा लागतो. जयपूर संस्थानाचा प्रसिद्धच न झालेला अफूविषयक कायदा हरला विरुद्ध राजस्थान राज्य (१९५१) या खटल्यात याच कारणाने निष्प्रभ ठरला.

प्रशासकीय प्रथा हा स्रोत मानावा की नाही, याबाबत मतभेद आहेत. परिपत्रके आणि शासन निर्णय (बोलीत ‘जीआर’) यांपैकी बरेचसे कोणत्याही अधिनियमाखाली काढलेले नसतात. संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य (१९६७) नुसार असे आदेश नियमांतील रिकामी जागा भरू शकतात, नियम बदलू शकत नाहीत. तरीही ते काढणाऱ्याला स्वतःला बांधतात. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा हॉटेलचालक हवा, अशी अट होती, पण कंत्राट ती पूर्ण न करणाऱ्याला मिळाले. ही अट कोणत्याही अधिनियमातली नव्हती. रमण दयाराम शेट्टी खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्राधिकरणाने स्वतः जाहीर केलेला निकष स्वतःच मोडता येत नाही, कारण तसे करणे अनुच्छेद १४ मधील समानतेला धरून नाही. म्हणजे प्रथेला बळ मिळाले तेही घटनेतूनच. तत्त्व मान्य होऊनही अर्जदाराला मात्र काही मिळाले नाही: तो न्यायालयात उशिरा आला होता आणि तोवर कंत्राटदाराने बराच खर्च करून टाकला होता.