रजेवरच्या दोन टपालपेट्या: यंत्राने यंत्राला उत्तर का देऊ नये

एक काल्पनिक शुक्रवार घेऊ. संध्याकाळचे सहा वाजलेत. एक बाई कचेरीतून निघता निघता ईमेलवर आपोआप जाणारं उत्तर लावतात, ‘मी सोमवारपर्यंत रजेवर आहे’, आणि दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याला शेवटचं पत्र टाकून निघून जातात. तो सहकारीही नेमका रजेवर आहे. त्याचं यंत्र उत्तर देतं, ‘मी रजेवर आहे’. हे उत्तर बाईंच्या पेटीत पडतं. त्यांच्या यंत्राच्या दृष्टीने हे एक नवं पत्र, म्हणून तेही कळवतं, ‘मी रजेवर आहे’. पुढचं तुम्हाला दिसतंच आहे.

एका उत्तराला पाच सेकंद धरा. सोमवारी सकाळी नऊपर्यंत ६३ तास होतात, म्हणजे ४५,३६० पत्रं. त्यातही एखादं यंत्र मूळ पत्र खाली जोडून उत्तर देणारं असलं, तर दर पत्र आधीच्यापेक्षा मोठं होत जातं. दर वेळी एक किलोबाइट वाढला तरी हजारावं पत्र एक मेगाबाइटचं होतं आणि तोवरची बेरीज अर्धा गिगाबाइट. हे शेवटी थांबतं ते कुणाची तरी पेटी भरल्यामुळे. तेवढ्या वेळात बाहेरच्यांची खरी पत्रंही परत गेलेली असतात, आणि खरं नुकसान तेच. आपल्याकडे पाहुणा दारात ‘येतो हं’ म्हणतो, यजमान ‘या हं’ म्हणतात आणि पुन्हा बोलणं सुरू होतं, तसाच हा प्रकार. फक्त इथे कुणाचेही पाय दुखत नाहीत.

हा धोका ईमेल बसवणाऱ्यांना फार लवकर दिसला होता. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला आरएफसी ८२१ आला, म्हणजे टपाल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसं द्यायचं त्याचे नियम. आता ईमेलला पाठवणाऱ्याचा पत्ता दोन ठिकाणी असतो. एक पत्रावरचा, तो आपण वाचतो. दुसरा पाकिटावरचा, तो यंत्रं वाचतात, आणि पत्र पोचलं नाही तर तक्रार त्या पत्त्यावर जाते. पण ती तक्रारच पोचली नाही तर? तिची तक्रार, मग तिचीही तक्रार. पोस्टेल यांनी सुचवलेला उपाय साधा होता: अशा सूचनेच्या पाकिटावर परतीचा पत्ता कोराच ठेवा. पत्ता नाही, म्हणजे उत्तर पाठवायला जागाच नाही. आजही पत्र पेटीत टाकताना सर्व्हर पाकिटावरचा पत्ता `Return-Path` या ओळीत उतरवतो, आणि तिथे `<>` असं रिकामं दिसलं तर उत्तर द्यायचं नाही.

यातून न पोचलेल्या पत्रांचा प्रश्न सुटला. रजेच्या उत्तरांचा उरला, कारण ती साध्या पत्रासारखीच, पाकिटावर पत्ता घालून निघत.

१९८३ च्या सुमारास बर्कलीत एरिक ऑलमन यांनी `vacation` नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. सेंडमेल हा टपाल वाहणारा प्रोग्रॅम लिहिणारे तेच. हा प्रोग्रॅम उत्तर देतो कमी, आणि गप्प कधी बसायचं हे जास्त पाहतो. एकदा उत्तर दिलं की तो पत्ता फाईलमध्ये टिपून ठेवतो आणि त्याच माणसाला आठवडाभर पुन्हा उत्तर देत नाही. पत्राच्या `To` किंवा `Cc` ओळीत आपलं नाव नसेल तर गप्प, कारण मग ते पत्र बहुधा एखाद्या यादीमार्फत आलेलं असतं, आणि यादीला गेलेलं उत्तर शेकडो लोकांना जाऊ शकतं. पाठवणारा `MAILER-DAEMON` किंवा `Postmaster` असेल तरी गप्प. आणि शेवटचं, पत्रात `Precedence: bulk` किंवा `Precedence: junk` असेल तर गप्प.

ही `Precedence` ओळ मुळात या कामासाठी नव्हतीच. सेंडमेलच्या रांगेत कुठलं पत्र आधी न्यायचं ते ठरवायला ती होती, आणि तिचे दर्जे टपालखात्यातल्यासारखे होते: `first-class`, `special-delivery`, खाली `bulk` आणि `junk`. खालच्या दर्जाचं पत्र पोचलं नाही तर त्याचा मजकूर परत पाठवायचीही तसदी नसे. म्हणजे ‘ढीगभर पाठवलेलं आहे, वाट पाहायला हरकत नाही’ एवढाच तिचा अर्थ. ऑलमन यांच्या प्रोग्रॅमने त्यात ‘उत्तर नको’ हाही अर्थ वाचला, आणि त्याच्या माहितीपत्रकातल्या नमुना उत्तरावर हीच ओळ होती. आता शुक्रवार पुन्हा चालवून पाहा. बाईंचं पत्र जातं, सहकाऱ्याचं यंत्र `bulk` लिहून उत्तर देतं, बाईंचं यंत्र ती ओळ पाहतं आणि थांबतं. एकूण दोनच पत्रं.

मला ही युक्ती फार आवडते, पण ती रिवाजावर उभी होती. ओळ प्रमाणात कधी लिहिली गेली नाही, आणि १९९७ च्या आरएफसी २०७६ मध्ये ती अप्रमाणित आणि वापरू नये अशी नोंदली गेली. ज्यांना बर्कलीचा रिवाज ठाऊक नव्हता त्यांची उत्तरं ती लावतच नसत. काहींनी विषयाची ओळ वाचून ओळखायचा प्रयत्न केला, पण ‘रजेवर’ हा शब्द किती भाषांत शोधणार? शिवाय खऱ्या माणसानेही ‘तुमच्या रजेबद्दल’ असं लिहिलेलं असू शकतं.

ऑगस्ट २००४ मध्ये कीथ मूर यांचा आरएफसी ३८३४ आला आणि यंत्राला ‘मी यंत्र आहे’ असं सरळ सांगायची जागा मिळाली. रजेचं उत्तर आता पेटीत असं पोचावं:

```
Return-Path: <>
Auto-Submitted: auto-replied
```

माणसाने नव्हे, यंत्राने आपणहून पाठवलेल्या पत्रावर, उदाहरणार्थ रोजच्या अहवालावर, `auto-generated` लिहायचं. इथे एक चूक हमखास होते. प्रोग्रॅम लिहिणारा फक्त ओळ आहे का एवढंच पाहतो. पण `Auto-Submitted: no` हेही वैध आहे, आणि त्याचा अर्थ ‘हे माणसाने पाठवलं’ असा. तेव्हा किंमत वाचायला हवी. `no` सोडून दुसरं काहीही असेल तर गप्प. उत्तरही पाकिटावरच्या पत्त्याला पाठवायचं, `From` किंवा `Reply-To` ला नाही, कारण यादीने `Reply-To` मध्ये स्वतःचा पत्ता घातलेला असू शकतो. याद्यांची ओळख पटवायला तोवर `List-Id` ही ओळही आली होती, २००१ मध्ये.

मग आठवडाभराच्या आठवणीची गरज संपली का? नाही, कारण समोरचं यंत्र काहीच सांगत नसेल तर तोच एक आधार असतो. आणि तोही सुटू शकतो. तक्रारी नोंदवणारी एखादी यंत्रणा घ्या. आलेल्या प्रत्येक पत्राला ती नवा क्रमांक देते आणि पोच पाठवताना तो क्रमांक आपल्या पत्त्यातच घालते. एकदा पत्र १०१ क्रमांकाच्या पत्त्यावरून येतं, पुढचं १०२ वरून. रजेच्या यंत्राला वाटतं, हा नवा माणूस! ते उत्तर देतं, समोर १०३ क्रमांकाची तक्रार उघडते. आठवण शाबूत, तरी फेरा चालू. सोमवारी तक्रारविभागाला हजारो तक्रारी दिसतात, विषय सगळ्यांचा एकच: ‘मी रजेवर आहे’.

तक्रारींच्या यंत्रणेने दोन्ही गोष्टी करायला हव्यात. पोच पाठवताना वरची ओळ लावायची, आणि आलेल्या पत्रावर ती ओळ असेल तर तक्रार हवी तर नोंदवायची, पण पोच नाही पाठवायची. त्याशिवाय एका टपालपेटीला तासाभरात किती पोच जातील याला मर्यादा ठेवायची, आणि ती मोजताना पत्रात काय लिहिलंय यावर विसंबायचं नाही. तुमच्याकडे असा फेरा झाल्याचा संशय असेल तर लागोपाठची दोन पत्रं उघडा, त्यांचा मूळ मजकूर, म्हणजे सगळ्या हेडरच्या ओळी पाहा, आणि `Return-Path` व `Auto-Submitted` या दोन ओळी शोधा. ज्या बाजूच्या पत्रावर पहिली रिकामी नसेल आणि दुसरी नसेलच तिने आपण यंत्र असल्याचं सांगितलं नाही, आणि जिच्याकडे या खुणा असलेली पत्रं येऊनही जिने उत्तर दिलं तिने त्या वाचल्या नाहीत. बहुतेक वेळा एका बाजूला हे दोन्ही दोष सापडतात, आणि तेवढी एक बाजू दुरुस्त केली तरी फेरा तुटतो.