भिंत पुरी होण्याआधी: रोमन कायद्यातील मनाई

प्राचीन रोममध्ये शेजाऱ्याने भिंत चढवायला घेतली आहे. त्याने ठरावीक उंचीपलीकडे बांधू नये, असा हक्क तुमच्या घराला पूर्वीपासून आहे. रीतसर दावा लावला, तर निकालाआधी भिंत उभी राहील आणि तुमचा उजेड जाईल. मग करायचे काय?

यावर रोमनांचा उपाय होता 'ओपेरिस नोवी नुन्तिआतिओ', म्हणजे नव्या बांधकामाला घेतलेली हरकत. तिसऱ्या शतकाच्या आरंभी उल्पियन या कायदेपंडिताने त्याचे नियम मांडले. सम्राट जस्टिनियनच्या 'डायजेस्ट'च्या (इ.स. ५३३) ३९व्या ग्रंथात ते वाचायला मिळतात.

हरकत घेण्यासाठी आधी न्यायाधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रेटरकडे, जावे लागत नसे. मात्र ती बांधकामाच्या जागीच घ्यावी लागे. मालकाला बाजारचौकात गाठून सांगितले, तर ती हरकत निरर्थक. उलट मालक गैरहजर असला आणि जागेवरच्या गवंड्याला किंवा गुलामाला सांगितले, तरी ती पुरेशी ठरे. कारण हरकत माणसाला नव्हे, कामाला लागू होती.

शेजारी तुमच्याच जमिनीवर बांधू लागला, तर मात्र उल्पियनचा सल्ला निराळा आहे. तिथे बांधकामावर खडा फेकून मनाई करावी किंवा प्रेटरकडे जावे. तोंडी हरकत घेतली, तर जागेचा ताबा शेजाऱ्याकडे असल्याचे तुम्हीच मान्य केल्यासारखे होते! वकिली बारकावा खरा, पण ताबा गमावणाऱ्याला तो महाग पडला असता.

हरकतीनंतर काम थांबलेच पाहिजे. ते चालू ठेवले, तर बांधणाऱ्याला मुळात हक्क होता की नाही हे न पाहता प्रेटर नंतरचे बांधकाम पाडायला लावी. पण नंतरचे नेमके कोणते? म्हणून हरकत घेणाऱ्याने त्याच वेळी मापे घेऊन ठेवायची असत. मापे नसतील, तर भिंतीचे कोणते थर आधीचे आणि कोणते मागाहून चढवले, हे सिद्ध कसे करणार?

हे हत्यार खोडसाळ शेजाऱ्याच्याही हाती पडू शकत होते. म्हणून आपण छळाच्या हेतूने हरकत घेत नाही, अशी शपथ त्याला घ्यावी लागे. बांधणाऱ्यालाही वाट ठेवलेली होती. हरलो तर पाडून देईन, असा जामीन दिला की त्याला काम पुढे नेता येई. गटारे साफ करण्यासारख्या तातडीच्या कामांवर तर हरकत चालतच नसे.

शिवाय हा उपाय होऊ घातलेल्या कामापुरताच होता. भिंत पुरी झाल्यावर जाग आलेल्याला दुसरे मार्ग धरावे लागत.

भारताच्या १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तात्पुरत्या मनाई हुकुमाची तरतूद आहे, तीही आदेश ३९ मध्येच. आकड्याचा निव्वळ योगायोग! मात्र इथे शेजाऱ्याच्या नुसत्या शब्दाने काम थांबत नाही, न्यायालयाचा हुकूम लागतो.