लँडिंग पेज

लँडिंग पेज : सशुल्क जाहिरातीवर क्लिक करणारा माणूस थेट ज्यावर पोहोचतो, ते एकाच कामासाठी बनवलेले स्वतंत्र वेबपान. संकेतस्थळाचे मुखपृष्ठ सगळ्यांसाठी असते. हे पान फक्त त्या जाहिरातीवरून आलेल्यांसाठी.

जाहिरातीने जे सांगितले तेच पानाने सर्वांत आधी सांगावे, हा याचा पहिला नियम. त्याला ‘मेसेज मॅच’ म्हणतात. समजा, एका बागायतदाराची जाहिरात आहे ‘देवगड हापूस पुण्यात घरपोच’. पानाचा मथळा ‘आमच्या बागेत आपले स्वागत’ असा असेल, तर हापूस मिळेल की नाही, पुण्यात येईल की नाही, हे ग्राहकाला शोधत बसावे लागते आणि तो मागे फिरतो. मथळ्यात देवगड, हापूस आणि पुणे हे तिन्ही शब्द हवेत. त्याखाली पेटीचा फोटो, डझनाचा भाव, पोहोचवण्याची तारीख आणि एकच बटण : ‘पेटी बुक करा’. पायरी आंब्याच्या जाहिरातीसाठी वेगळे पान करावे. गूगल अ‍ॅड्स प्रत्येक कीवर्डला 1 ते 10 असा गुणवत्तेचा अंक देते, त्याच्या तीन घटकांपैकी एक लँडिंग पेजचा अनुभव हा असतो.

दुसरा नियम एका कृतीचा. वरचा मेनू, लोणच्या-पापडांच्या लिंक, फेसबुकचे चिन्ह यांतली प्रत्येक गोष्ट पैसे मोजून आणलेल्या माणसाला बाहेरची वाट दाखवते. पान लांब असेल, तर तेच बटण खाली पुन्हा द्यावे. फॉर्ममध्ये बुकिंगला लागते तेवढेच विचारावे : नाव, मोबाइल, पिनकोड.

कृती एक ठरली, तरी बटणावरचे शब्द तपासून घ्यावे लागतात. डिसेंबर 2007 मध्ये बराक ओबामांच्या प्रचारमोहिमेत डॅन सिरोकर यांनी ई-मेल नोंदणीच्या पानावर चार बटणे आणि सहा चित्रे-चित्रफिती यांच्या 24 जोड्या लावून पाहिल्या. प्रचारातल्या मंडळींचा कल चित्रफितींकडे होता. पण त्या स्थिर चित्रांपेक्षा मागे पडल्या. ओबामांचे कुटुंबासह छायाचित्र आणि ‘साइन अप’ऐवजी ‘लर्न मोअर’ हे बटण या जोडीने नोंदणीचे प्रमाण 8.26 वरून 11.6 टक्क्यांवर गेले.

मोजणीसाठी बुकिंगनंतर उघडणाऱ्या आभाराच्या पानावर टॅग बसवतात. ते पान रिफ्रेश केले की तीच ऑर्डर दुसऱ्यांदा मोजली जाऊ शकते; म्हणून टॅगमध्ये ऑर्डर क्रमांक पाठवावा आणि आकडे बुकिंगच्या वहीशी ताडून पाहावेत. क्लिक भरपूर आणि बुकिंग नगण्य असेल, तर पानाला हात लावण्याआधी लोकांनी नेमके काय शोधले त्याचा अहवाल उघडावा. तिथे ‘हापूस कलमे’ किंवा ‘आंबा लागवड’ दिसले, तर दोष कीवर्डचा आहे. शंभर क्लिकमागे एका पानावर तीन आणि दुसऱ्यावर पाच बुकिंग झाल्या, एवढ्यावरून दुसरे पान सरस ठरत नाही. इतका फरक योगायोगानेही पडतो.